सेल्स एक्झिक्युटिव्हसाठी पीआयपी लिहायचाय, मोजता येतील अशी उद्दिष्टं कशी ठरवायची?

हुतात्माबाग
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडवर आमचं पाईप, फिटिंग आणि पाण्याच्या टाक्यांचं डिस्ट्रिब्युशन आहे. मी तिथं सेल्स बघतो, हाताखाली चार एक्झिक्युटिव्ह आहेत. त्यातला मोहोळ-पंढरपूर-मंगळवेढा-सांगोला रूटचा माणूस सहा वर्षं जुना. फेब्रुवारी ते मे हा आमचा सीझन, त्यात महिन्याचं टार्गेट १८ लाख होतं. त्यानं चार महिन्यांत १०.८, ९.६, ११.२ आणि ९.४ लाख केले. मालक म्हणाले, पीआयपी म्हणजे लेखी सुधारणा आराखडा द्या, साठ दिवसांत १८ वर आला तर ठीक, नाहीतर हिशोब करून मोकळं करा.

काल रात्री बसून मी मसुदा लिहिला. "विक्रीत लक्षणीय वाढ करावी. व्हिजिट नियमित कराव्यात, रोज किमान आठ. वसुलीकडे लक्ष द्यावे. कामात पुढाकार घ्यावा." सकाळी परत वाचला तर मलाच कळेना, साठाव्या दिवशी यातलं काय झालं आणि काय नाही हे मी कुठल्या तोंडानं सांगणार. हा माणूस वाईट नाही. त्याला खरोखर संधी मिळावी असं मला वाटतं. कुणी असा कागद लिहिला असेल तर मदत करा.

चाटीगल्ली
माझं स्वतःचं होलसेल दुकान आहे, तीस वर्षं सेल्समन सांभाळतोय. एवढा विचार कशाला करताय? सेल्समनचं काम एका आकड्यात दिसतं. १८ लाख, ६० दिवस, खाली सही. दहा कलमं लिहिली की तो नऊ पूर्ण करून दाखवतो आणि विक्री तिथंच राहते. हे मी स्वतः भोगलंय. आणि सेल्समन काही कायद्यानं कामगार नसतो, त्यामुळं त्या बाजूची काळजी नको.

रूट_७
आमच्या एजन्सीत टार्गेटच्या वर गेलं की पहिल्या लाखाला एक टक्का आणि पुढं दीड टक्का असा स्लॅब आहे. शिवाय दिवाळीला सगळ्यात पुढं असेल त्याला मोटरसायकल. पोरं जीव तोडून पळतात. तुम्ही पण अशी योजना काढा, कागदाची गरजच पडणार नाही.

हुतात्माबाग
@रूट_७ दादा, इन्सेंटिव्ह आमच्याकडंही आहे आणि बाकीचे तिघे तो घेतात. माझा प्रश्न एका माणसापुरता आहे, जो मागं पडलाय आणि ज्याला ठरावीक मुदतीचा लेखी सुधारणा आराखडा द्यायचा आहे.

भीमाकाठ
बावीस वर्षं सेल्समध्ये काढली, त्यातली बारा टीम सांभाळण्यात. असे कागद मी आठ-नऊ लिहिले असतील, त्यातले पहिले तीन चुकीचे लिहिले.

कागद बाजूला ठेवा आणि आधी विक्री तीन तुकड्यांत मोडा. महिन्यात व्हिजिट किती झाल्या, त्यातल्या किती टक्के व्हिजिटला ऑर्डर मिळाली, आणि एका ऑर्डरचं सरासरी बिल किती. या तिघांचा गुणाकार म्हणजे विक्री. त्याच रूटचे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांचे हेच तीन आकडे शेजारी मांडा. घसरण बहुतेक वेळा एकाच तुकड्यात असते. तो तुकडा सापडल्याशिवाय उद्दिष्ट लिहिणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता गोळी देणं. आकडे टाका, मग बोलू.

हुतात्माबाग
टॅलीतून आणि ऑर्डर ॲपमधून काढले. चार महिन्यांची सरासरी देतो.

यंदा: १९२ व्हिजिट, ४० ऑर्डर, बिल सरासरी २६,०००.
गेल्या वर्षी: १९० व्हिजिट, ६८ ऑर्डर, बिल सरासरी २५,५००.

म्हणजे फिरणं कमी झालेलं नाही, बिलही लहान झालेलं नाही. ऑर्डर मात्र ६८ वरून ४० वर आल्या. मी तर मसुद्यात "रोज आठ व्हिजिट" लिहिलं होतं, ते तो आजही करतोय!

भीमाकाठ
बघा, तुमचं एकमेव मोजता येणारं उद्दिष्ट त्यानं पहिल्याच दिवशी पूर्ण केलं असतं आणि विक्री दहा लाखांवरच राहिली असती. नुसतं मोजता येणं पुरत नाही.

आता पुढचं बघा. १९२ व्हिजिट किती वेगवेगळ्या दुकानांत झाल्या? रूटवर एकूण दुकानं किती? आणि ज्यांनी तीन महिन्यांत एकही ऑर्डर दिली नाही त्यांची यादी काढून प्रत्येकासमोर जुनी बाकी लिहा.

हुतात्माबाग
हे काढायला दोन दिवस गेले, पण डोळे उघडले.

रूटवर ९२ दुकानं आहेत. मे महिन्यातल्या सगळ्या व्हिजिट फक्त ३८ दुकानांत आहेत. त्याच त्याच मोहोळ आणि पंढरपूरच्या काऊंटरवर महिन्यात पाच-पाच वेळा. सांगोला आणि मंगळवेढ्याचा बराच भाग कोराच. तीन महिन्यांत ऑर्डर नाही अशी ३१ दुकानं, आणि त्यातल्या १९ दुकानांचं बिलिंग आमच्याच सिस्टिमनं लॉक केलंय, कारण त्यांची बाकी साठ दिवसांच्या वर गेलीय. ही अडकलेली बाकी १४.६ लाख.

पुढचं लिहायला जड जातंय. या १४.६ मधले २.३ लाख म्हणजे आम्ही द्यायच्या क्रेडिट नोटा आहेत. फुटलेल्या टाक्या, कमी आलेलं मटेरियल, स्कीमचा फरक. आमच्या अकाउंट्सकडं पडून आहेत, काही तर नोव्हेंबरपासून.

चंद्रभागातीर
पंढरपुरात हार्डवेअरचं दुकान आहे, तुमच्या कंपनीचा माल ठेवत नाही म्हणून मोकळेपणानं सांगतो. क्लेम अडकला की आम्ही पूर्ण बिल अडकवतो, फक्त क्लेमपुरतं नाही. चार हजारांच्या टाकीसाठी साठ हजारांचं पेमेंट थांबतं. सेल्समन आला की त्याला आम्ही ऐकवतो. तो बिचारा काय करणार, "बघतो, बोलतो" म्हणून जातो. तीनदा असं झालं की चौथ्या वेळी तो रस्ता बदलतो. तुमचा माणूस त्या ३८ दुकानांत का फिरतोय ते मला तरी स्पष्ट दिसतंय. तिथं त्याला चहा मिळतो.

चाटीगल्ली
क्लेमचं समजू शकतो. पण १४.६ मधून २.३ गेले तरी १२.३ लाख उरतातच ना? ती वसुली कुणाची? आणि दुकानात न जाता व्हिजिट दाखवल्या असतील तर तो कामचुकारपणाच आहे. सगळं कंपनीवर ढकलू नका.

भीमाकाठ
चाटीगल्लीशेठ, १२.३ चं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. ते त्याचंच काम, कागदात यायलाच पाहिजे. तुमची दहा कलमांची भीतीही रास्त आहे. मी चारच्या वर उद्दिष्टं कधी ठेवत नाही. पण २.३ लाख त्याच्या हातात नाहीत, आणि ते सुटल्याशिवाय १२.३ मधलेही बरेच सुटणार नाहीत. म्हणून कागदाला दोन बाजू लागतात.

अनघा_जुळेसोलापूर
मी हा कागद पलीकडच्या बाजूनं अनुभवलाय. पुण्यात एका कंपनीत सेल्सला होते, तिथं मला पीआयपी दिला. त्यात होतं, "संवादकौशल्यात सुधारणा अपेक्षित". "व्यवस्थापकाकडून आवश्यक ते मार्गदर्शन मिळेल" असंही एक वाक्य होतं. नव्वद दिवसांत माझे मॅनेजर माझ्याबरोबर एकदाही कस्टमरकडे आले नाहीत. दर पंधरा दिवसांनी ठरलेली मीटिंग दोनदा रद्द झाली, तिसरी फोनवर सात मिनिटांत उरकली. शेवटी म्हणाले, अपेक्षित सुधारणा दिसली नाही. काय दिसायला हवं होतं ते मला आजही माहीत नाही. मी रोज रात्री त्या एका ओळीकडं बघत बसायचे.

हुतात्माबाग, एवढी एक विनंती करते. "मार्गदर्शन मिळेल" असं लिहू नका. कोण येणार, कुठल्या तारखेला, कुठं, ते लिहा. आणि मीटिंग तुमच्याकडून रद्द झाली तर त्याचीही नोंद त्याच कागदावर करा.

भीमाकाठ
अनघाताईंनी नेमकं सांगितलं. मी त्यात एकच भर घालतो. कंपनीनं कबूल केलेली मदत ठरल्या तारखेला झाली नाही, तर जितके दिवस उशीर तितके दिवस त्या मदतीवर अवलंबून असलेल्या उद्दिष्टाची मुदत पुढं जाईल. हे वाक्य कागदात घाला. हे नसेल तर मदतीचा रकाना शोभेचा.

दुसरं म्हणजे मुदत. साठ दिवसांची बाकी उठवून, दुकान उघडून, तिथून परत ऑर्डर यायला साठ दिवस पुरत नाहीत. पहिला महिना तर क्लेम मिटवण्यात आणि शिव्या खाण्यात जाईल. नव्वद घ्या.

तिसरं, तुमचा १८ चा आकडा. कागद जूनच्या मध्यापासून लागू होणार, म्हणजे भर पावसाळा. गेल्या वर्षी याच माणसानं जुलैत किती केले होते?

हुतात्माबाग
११.६ लाख. तेव्हा त्याला कुणी बोललं नव्हतं, उलट चार जणांत तो दुसरा होता. खरंच, १८ हा सीझनचा आकडा, मालक तोच धरून बसलेत आणि माझ्याही लक्षात आलं नाही.

भीमाकाठ
म्हणजे चांगला चालत असतानाही तो ज्यात नापास झाला असता, ती परीक्षा तुम्ही त्याला आत्ता देणार होता. विक्रीचं उद्दिष्ट गेल्या वर्षीच्या त्याच काळाच्या टक्क्यांत लिहा. सध्या तो साठ टक्क्यांवर आहे. पहिल्या तीस दिवसांत ६५, दुसऱ्या तीसमध्ये ७५, तिसऱ्यात ८५. शंभर मागू नका. ३१ दुकानं बंद पडायला सहा महिने लागलेत, ती तीन महिन्यांत सगळी उघडत नाहीत.

चंद्रभागातीर
त्यात आषाढीचा विचार करा. वारीच्या दिवसांत आमच्या गावात टेम्पो आत येत नाही आणि आम्हालाही सेल्समनशी बोलायला वेळ नसतो. नुसतं "गेल्या वर्षीचा तोच महिना" धरलात तर गडबड होईल. मध्ये अधिक महिना आला की आषाढी जवळजवळ तीन आठवडे पुढं सरकते. गेल्या वर्षीचा वारीचा आठवडा यंदाच्या वारीच्या आठवड्यासमोर ठेवा.

लेबर_कागद
सल्लागार म्हणून एक दुरुस्ती करतो. "सेल्समन कामगार नसतो" हे आता धरून चालू नका. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि तिच्या कामगाराच्या व्याख्येत सेल्स प्रमोशन कर्मचारी घेतलेले आहेत. तुमच्या माणसाला ती व्याख्या लागू होते का, हे त्याचं नेमणूकपत्र आणि प्रत्यक्ष काम बघूनच ठरेल. तुमच्या सल्लागाराला दोन्ही दाखवा. आणि कागदात "उद्दिष्ट पूर्ण न झाल्यास आपोआप सेवा समाप्त" असं वाक्य टाकू नका. पीआयपी ही सुधारण्याची संधी असते, पुढची कारवाई हा वेगळा विषय आणि त्याची पद्धत वेगळी.

चाटीगल्ली
ही माहिती मला नव्हती, धन्यवाद. पण मुदत पुढं ढकलायचं कलम मला अजून पटत नाही. मालक स्वतःला असं बांधून घेतो का कुठं? अकाउंट्सचा एक मुलगा रजेवर गेला की सेल्समनला आयती सूट.

अनघा_जुळेसोलापूर
सूट कशी होईल? मुदत तेवढीच मिळते, फक्त मोजणी उशिरा सुरू होते.

हुतात्माबाग
आज त्याच्याशी बोललो. कागद न देता, नुसतं बोलायला बसलो. भीमाकाठ सरांनी व्यनितून सांगितलं होतं, की आधी ती ९२ दुकानांची यादी त्याच्यापुढं ठेवा आणि गप्प बसा.

त्यानं यादीवरून बराच वेळ बोट फिरवलं. मग खिशातून छोटी डायरी काढली. रबर लावलेली, कडा काळ्या पडलेल्या. प्रत्येक पानावर दुकानाचं गाव आणि खाली क्लेम: "टाकी १००० लि., तळाला चीर, ३ नग, फोटो पाठवला." पुढं तारखा. फोन केला ती तारीख, परत केला ती तारीख. एका पानावर सात तारखा होत्या. त्यातले दोन फोन मलाच केलेले होते, आणि मी ते विसरलो होतो.

मग त्यानं हेही कबूल केलं, की पंढरपूर-मोहोळच्या बऱ्याच ऑर्डर तो फोनवर घेतो आणि ॲपमध्ये व्हिजिट म्हणून टाकतो. आणि आईचं डायलिसिस मंगळवार-शुक्रवार सोलापुरात असतं. सांगोल्याचा दिवस मंगळवार. हे सहा महिने त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

आता प्रश्न असा, की हे आईचं कागदात लिहायचं का?

भीमाकाठ
अजिबात नाही. तो कागद फाईलला राहतो, उद्या चार जण वाचतील. फक्त "मंगळवार व शुक्रवार मोहोळ भाग, सांगोला बुधवारी" एवढा रूटबदल मदतीच्या रकान्यात लिहा. कारण लिहायची गरज नाही.

फोनवरची ऑर्डर व्हिजिट म्हणून टाकणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ते चुकीचं आहे हे त्याला तोंडावर सांगा आणि आजपासून बंद करा. फोनची ऑर्डर फोनची म्हणून नोंदवू द्या, तिला बंदी नको.

हुतात्माबाग
सगळ्यांचं ऐकून असा मसुदा केलाय. मालकांना दाखवण्याआधी इथं टाकतो.

*उद्दिष्टं (९० दिवस)*
एक, महिन्यात किमान एकदा प्रत्यक्ष भेट दिलेली वेगवेगळी दुकानं: पहिल्या महिन्यात ७०, दुसऱ्यात ८०, तिसऱ्यात ८५.
दोन, क्लेम वगळून उरलेल्या १२.३ लाखांच्या जुन्या बाकीतून वसुली: तिसाव्या दिवसापर्यंत ३ लाख, साठाव्यापर्यंत ६, नव्वदाव्यापर्यंत ८.
तीन, बंद पडलेल्या ३१ पैकी १५ दुकानं परत सुरू.
चार, विक्री गेल्या वर्षीच्या त्याच काळाच्या ६५, ७५ आणि ८५ टक्के, वारीचा आठवडा वारीच्या आठवड्याशी जुळवून.

*कंपनी काय करणार*
२.३ लाखांच्या क्रेडिट नोटा दहाव्या दिवसापर्यंत, जबाबदारी अकाउंट्स प्रमुखांची. पहिले चार आठवडे दर बुधवारी आणि गुरुवारी मी स्वतः त्याच्याबरोबर सांगोला आणि मंगळवेढ्यात. लॉक झालेल्या दुकानानं निम्मी बाकी भरली की रोखीनं नवा माल देण्याची परवानगी, ती मी त्याच दिवशी देणार. रूटचे दिवस वर सांगितल्याप्रमाणे. उशीर झाल्यास तेवढे दिवस दुसऱ्या आणि तिसऱ्या उद्दिष्टाची मुदत पुढं.

*आढावा*
दर सोमवारी सकाळी साडेनऊला गोडाऊनवर, वीस मिनिटं. अर्धं पान लिहायचं, दोघांच्या सह्या, एक प्रत त्याला. तिसाव्या आणि साठाव्या दिवशी मालकांसह सविस्तर.

भीमाकाठ
बरंच जमलंय. तिसऱ्यात "परत सुरू" म्हणजे काय? ओळखीच्या दुकानदाराकडून दोन हजारांचं बिल कुणीही काढून आणतो. किमान दहा हजारांची दोन बिलं, वेगवेगळ्या आठवड्यांत, असं लिहा. पहिलं बिल पुष्कळदा भिडेखातर फाडलेलं असतं.

आणि सोमवारच्या अर्ध्या पानावर पहिला प्रश्न त्याचा ठेवा: गेल्या आठवड्यात कंपनीकडून काय राहिलं? त्यानंतर तुमचे आकडे. उलट केलंत तर त्या वीस मिनिटांत त्याचा प्रश्न येणारच नाही.

रूट_७
आता कळलं तुम्ही काय विचारत होता. पण त्यानं प्रत्यक्ष भेट दिली हे कळणार कसं? आमच्याकडं ॲपमध्ये लोकेशन लागतं, त्याशिवाय व्हिजिट चढतच नाही.

अनघा_जुळेसोलापूर
एकट्यालाच लोकेशन लावलं तर इतर तिघांसमोर त्याची काय इज्जत राहील? लावायचं तर चौघांना लावा.

चाटीगल्ली
खोट्या व्हिजिट त्यानंच टाकल्यात, बाकीच्यांनी नाही. मला त्यात गैर वाटत नाही.

चंद्रभागातीर
लोकेशन दुकानाबाहेर गाडी थांबवूनही लागतं हो. त्यापेक्षा मॅनेजरनी आठवड्याला चार दुकानांना सहज फोन करून "माल बरोबर मिळतोय ना, आमचा माणूस येतो ना" एवढं विचारावं. आम्हाला बरं वाटतं आणि तुम्हाला कळतं.

हुतात्माबाग
लोकेशनचं माझं अजून ठरत नाही. तूर्त फोन करणार आहे.

एक मात्र विचारतो. मालकांनी मसुदा वाचला, नव्वद दिवस मान्य केले. पण मी बाहेर पडताना म्हणाले, "ठीक आहे, तोवर नवीन माणूस बघून ठेवा." आता काय करू?

भीमाकाठ
त्यांना सरळ विचारा, नव्वदाव्या दिवशी चारही उद्दिष्टं पूर्ण झाली तर ठेवणार का? उत्तर नाही असेल तर हा कागद देऊ नका. त्याला समोर बसवा, नोटिशीचा पगार आणि देणी चोख द्या, नवी नोकरी शोधायला वेळ द्या. ठरवून काढायच्या माणसाला तीन महिने पळवणं हे पाप आहे, आणि बाकीचे तिघे ते बघत असतात.

हुतात्माबाग
विचारलं. दोन दिवस बोलले नाहीत. आज सकाळी मसुदा परत मागवला, "होय" म्हणाले, आणि उशिराच्या कलमाखाली स्वतः सही केली. सोमवारी त्याला कागद दिला. त्यानं घरी नेऊन वाचला, दुसऱ्या दिवशी एक बदल सुचवला: पहिल्या महिन्याच्या ७० ऐवजी ६५ दुकानं, कारण मंगळवेढ्याच्या आडगावांना दिवस जास्त जातो. मी रूट मोजून बघितला, त्याचं बरोबर होतं. ६५ केलं आणि दोघांनी सह्या केल्या.

हुतात्माबाग
बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितो. आज चौदावा दिवस. क्रेडिट नोटा दहाव्या दिवशी १.७ लाखांच्याच झाल्या होत्या, उरलेल्या आज झाल्या. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या उद्दिष्टाची मुदत चार दिवस पुढं, ते सोमवारच्या पानावर लिहून सही करणार. वसुली आत्तापर्यंत ९०,०००, म्हणजे मागंच आहे. दुकानं ३३ झाली. बुधवारी त्याच्याबरोबर सांगोल्यात होतो. नोव्हेंबरपासून अडकलेल्या त्या तीन टाक्यांची क्रेडिट नोट दुकानदाराच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, गल्ल्याखाली ठेवली आणि माझ्याकडं न बघता त्याला म्हणाले, "चेक पुढच्या बुधवारी घेऊन जा. येणार ना?"